गेम लावला की अ‍ॅम्प्लिफायर घरघरतो: ग्राउंड लूप आयसोलेटर कधी लावायचा, कुठे आणि कसा

इंदिरानगरला ताईकडे गेलो तेव्हा भाच्याने दारातच पकडलं. "मामा, बघ ना, आजोबांचा अ‍ॅम्प बिघडलाय बहुतेक. नुसती गाणी लावली की छान वाजतो, गेम लावला की घूं करत बसतो." आजोबांचा अ‍ॅम्प म्हणजे जुना दोन चॅनेलचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर, मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या जागा, तीन पिनांचा प्लग, उचलायला दोन हात लागतील असा. भाच्याने नवा गेम कन्सोल घेतला होता आणि मॉनिटरचा पिचका आवाज नको म्हणून तो या अ‍ॅम्पला जोडला होता.

मी खोलीत गेलो. गेम थांबवलेला होता तरी स्पीकरमधून जाड, एकसुरी घूं ऐकू येत होतं. त्याच्यावर बारीक चिरचिर होती आणि मेनूत वर-खाली केलं की ती चिरचिर बदलायची. अ‍ॅम्प बिघडलेला नव्हता. अशा वेळी नेमकं काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि आयसोलेटर नावाची ती छोटी डबी लावून काय होतं नि काय होत नाही, ते या एकाच जोडणीवरून सांगतो.

आधी जोडणी कागदावर काढा

आजच्या बहुतेक कन्सोलला अ‍ॅम्पसाठी वेगळी ऑडिओ पिन नसते. प्लेस्टेशन ५ घ्या किंवा एक्सबॉक्स सिरीज एस, आवाज एचडीएमआय केबलमधून मॉनिटरला किंवा टीव्हीला जातो आणि तिथल्या हेडफोन जॅकमधून आपण तो अ‍ॅम्पला नेतो. भाच्याकडेही हेच होतं. कन्सोल ते मॉनिटर एचडीएमआय, मॉनिटरच्या हेडफोन जॅकपासून अ‍ॅम्पच्या ऑक्सपर्यंत पाच मीटरची बारीक केबल. मॉनिटर आणि कन्सोल अभ्यासाच्या टेबलाजवळच्या बोर्डावर, अ‍ॅम्प समोरच्या भिंतीवरच्या बोर्डावर.

आता प्रत्येक यंत्राच्या प्लगला किती पिना आहेत ते बघा. कन्सोलची वायर दोन पिनांची, आठच्या आकड्यासारख्या तोंडाची. म्हणजे कन्सोलला स्वतःचं अर्थिंग नाही. मॉनिटर तीन पिनांचा. अ‍ॅम्प तीन पिनांचा. कागदावर या तिघांना चौकोन काढून जोडलं की एक वेढा दिसतो: मॉनिटरचं अर्थिंग टेबलाजवळच्या बोर्डातून घराच्या अर्थच्या वायरीत जातं, तिथून फिरून समोरच्या बोर्डातून अ‍ॅम्पच्या पत्र्यावर येतं, आणि अ‍ॅम्पच्या पत्र्यावरून ऑडिओ केबलच्या जाळीतून परत मॉनिटरवर. हा बंद वेढा म्हणजे ग्राउंड लूप. गंमत अशी की सगळे दोष देतात कन्सोलला आणि कन्सोल या वेढ्यात नाहीच. तो मॉनिटरला लटकलेला आहे. नुसती गाणी भाचा मोबाइलवरून लावायचा. मोबाइल बॅटरीवर चालतो, त्याला अर्थिंग नाही, वेढा पूर्ण होत नाही, म्हणून गाणी स्वच्छ.

मॉनिटरऐवजी टीव्ही असेल तर चित्र थोडं वेगळं असतं. बरेच एलईडी टीव्ही दोन पिनांचे असतात, मग वेढा पूर्ण कोण करतं? बहुतेक वेळा केबलवाल्याची जाड गोल वायर. ती इमारतभर फिरून आलेली असते आणि तिच्या बाहेरच्या जाळीचा कुठेतरी जमिनीशी संबंध आलेला असतो. सेट-टॉप बॉक्समधून ती जाळी टीव्हीच्या पत्र्याला लागते आणि तिकडून अर्थ घरात येतो.

घूं येतो कुठून

अ‍ॅम्पला जाणारी साधी ऑडिओ केबल दोन कामं एकाच जाळीकडून करून घेते. आतल्या तारेतून आवाजाचा सिग्नल जातो आणि बाहेरची जाळी त्याचा परतीचा रस्ताही असते आणि बाहेरच्या गोंगाटापासून आडोसाही. घरातल्या वायरिंगभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतंच, आणि वेगवेगळ्या उपकरणांच्या फिल्टरमधून थोडा थोडा प्रवाह अर्थच्या वायरीत गळत असतो. त्यामुळे दोन बोर्डांच्या अर्थमध्ये बारीकसा फरक राहतो. वेढा बंद असला की त्या फरकामुळे जाळीतून प्रवाह वाहतो.

समजा, जाळीतून १० मिलिअँपिअर वाहतो आहे आणि पाच मीटरच्या स्वस्त केबलच्या जाळीचा रोध अर्धा ओहम आहे. जाळीच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक पडला. अ‍ॅम्पला सिग्नल आणि जाळी यांच्यातलाच फरक कळतो, त्यामुळे हे ५ मिलिव्होल्ट त्याला आवाजच वाटतात. घरगुती लाइन सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा असतो. म्हणजे आवाजाच्या साठाव्या हिश्शाएवढा घूं, तोही सतत. रात्री दार लावून बसलं की हा चांगलाच ऐकू येतो. जाड जाळीची आणि गरजेपुरतीच लांब केबल घेतली की घूं कमी का होतो, तेही यातून कळतं. रोध कमी, फरक कमी.

चिरचिर मात्र ५० हर्ट्झची नसते. कन्सोल आणि मॉनिटरच्या आतले स्विचिंग सप्लाय आणि चित्र काढणाऱ्या चिपची कामाची चढउतार यांचा गोंगाट एचडीएमआयच्या जाळीवर येतो आणि त्याच वेढ्यातून अ‍ॅम्पपर्यंत पोचतो. म्हणून मेनू हलला की तीही हलते. ही खूण लक्षात ठेवा. चित्राबरोबर बदलणारी चिरचिर अ‍ॅम्पच्या पोटातून येऊ शकत नाही.

लूपच आहे याची खात्री

आयसोलेटर विकत आणण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. माझ्या ओळखीत तिघांनी तरी डबी आणली, घूं तसाच राहिला आणि डबी कपाटात गेली, कारण त्यांचा आजार लूपचा नव्हताच.

पहिलं, अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर न्या. घूं तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढे, अ‍ॅम्पच्या आत तयार होतो आहे. जुन्या अ‍ॅम्पमध्ये सप्लायचे मोठे कपॅसिटर थकले की असा १०० हर्ट्झचा आवाज येतो, तो किंचित वरच्या पट्टीत आणि खरखरीत लागतो. तो दुरुस्तीवाल्याचा विषय, आणि अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. आवाज वाढवला की घूं वाढतो असं असेल तर तो इनपुटमधून येतो आहे, पुढे चला. भाच्याकडे शून्यावर पूर्ण शांतता होती.

दुसरं, ऑडिओ केबल अ‍ॅम्पमधून काढा आणि इनपुट ऑक्सवरच ठेवा. घूं गेला पाहिजे. (केबल काढता-लावताना प्रत्येक वेळी आवाज शून्यावर आणा, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो आणि शेजारचे दार वाजवतात.)

तिसरी चाचणी माझी आवडती आहे आणि तिला खर्च म्हणजे स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा. केबल अ‍ॅम्पला लावा आणि मॉनिटरकडचं टोक मोकळं सोडा. नुसतं मोकळं टोक स्वतःच अँटेनासारखं काम करून भलतंच गुरगुरतं, त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. त्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर फॉइल घट्ट गुंडाळा, म्हणजे टोक, मधलं कडं आणि मागचा भाग तिन्ही एकमेकांना जोडले जातील. आता अ‍ॅम्पला कुठलाही सिग्नल मिळत नाही. अ‍ॅम्पचा आवाज नेहमीइतका करा. शांतता असेल तर केबल आणि अ‍ॅम्प दोन्ही ठीक. घूं राहिला तर केबलची जाळी आतून तुटलेली असेल, दुसरी केबल लावून बघा.

शांतता आहे असं धरू. पायात चप्पल घाला, हात कोरडे ठेवा आणि फॉइल गुंडाळलेली तीच पिन मॉनिटरच्या एचडीएमआय सॉकेटच्या बाहेरच्या धातूच्या कडेला टेकवा. सिग्नलचा काहीच संबंध नाही, फक्त जाळी मॉनिटरच्या पत्र्याला लागली. घूं लगेच परत आला तर लूप सिद्ध झाला. दुसरा पुरावा लागत नाही. भाच्याने पिन टेकवली आणि उचलली, टेकवली आणि उचलली, आणि घूं त्याच्या हाताबरोबर येत-जात राहिला. "म्हणजे कन्सोल बंद असला तरी येणार?" त्याने विचारलं. कन्सोल बंद केला, चिरचिर गेली, घूं राहिला. कागदावरच्या चित्राशी ते जुळलं.

टीव्ही असेल तर आणखी एक सोपी तपासणी करा. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची किंवा डिशची गोल वायर स्क्रू सोडवून बाजूला काढा. घूं त्याच क्षणी थांबला तर वेढा तिकडून पूर्ण होत होता.

हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर

हा वेगळा आजार आहे आणि आयसोलेटर त्याचा इलाज नव्हे. अ‍ॅम्पच्या धातूला किंवा कन्सोलच्या जॅकला हात लावल्यावर घूं कमी होत असेल, किंवा बोटांना मुंग्या येतात असं वाटत असेल, तर बोर्डात अर्थिंगच नाही असा संशय घ्या. पुष्कळ यंत्रांत फेज-न्यूट्रल आणि पत्रा यांच्या मध्ये गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की पत्रा त्यांच्यामुळे सुमारे ११० व्होल्टवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टेस्टर मिणमिणतो आणि स्पीकर घरघरतो.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात मी हे बघितलं होतं. बोर्डावर तीन भोकं होती आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. वायरमनने मल्टिमीटर लावला तेव्हा फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट यायला हवे होते, तिथे काहीतरी हलता आकडा आला. व्यवस्थित वायरिंगमध्ये फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रलएवढंच येतं आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट. हे मोजमाप सॉकेटात मीटरच्या पिना घालून होतं, सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या.

उन्हाळ्यात कुणीतरी हमखास सांगतं की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता, घूं जाईल. जमीन कोरडी पडली की खड्ड्याचा रोध वाढतो हे खरं, आणि सुरक्षेसाठी पाणी घालावंच. पण आपला वेढा घरातल्या घरात, बोर्ड ते बोर्ड फिरतो. खड्ड्यापर्यंत तो जातच नाही, त्यामुळे पाणी ओतून लूपचा घूं कमी व्हायचं कारण नाही.

आणि तो दुसरा उपाय, अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन तोडायची किंवा दोन पिनांचं कनेक्टर लावायचं. घूं त्याने खरंच जातो, म्हणूनच तो पसरला आहे. पण पिन तोडल्यावर अ‍ॅम्पमधली एखादी फेज वायर पत्र्याला टेकली तर पत्रा २३० व्होल्टवर जातो, अ‍ॅम्पला स्वतःचा अर्थ नसल्यामुळे ट्रिप होईलच याची खात्री नाही, आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून ती फेज मॉनिटर, कन्सोल आणि वायर लावलेल्या कंट्रोलरपर्यंत पोचते. कंट्रोलर कुणाच्या हातात असतो ते सांगायला नको. घूं काढायचा तो सिग्नलच्या बाजूने, विजेच्या बाजूने नाही.

फुकटचा उपाय आधी

मॉनिटर, कन्सोल आणि अ‍ॅम्प तिन्ही एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या तीन पिनांच्या एक्स्टेन्शनवर आणा. वेढ्याचा घरभर फिरणारा भाग नाहीसा होतो आणि उरतो एक्स्टेन्शनच्या आतला वीतभर तुकडा. भाराची काळजी नको. कन्सोल गेम खेळताना साधारण २०० वॅटपर्यंत, मॉनिटर चाळीस-पन्नास, अ‍ॅम्प दीड-दोनशे, आणि ६ अँपिअरचा सॉकेट १३८० वॅट देतो. इस्त्री मात्र त्याच एक्स्टेन्शनवर लावू नका.

भाच्याकडे हे करण्याआधी मी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलची मोकळी जाळी आणि मॉनिटरचा एचडीएमआयचा पत्रा यांच्यात मोजलं होतं, ०.१८ व्होल्ट. एका एक्स्टेन्शनवर आणल्यावर आकडा इतका खाली गेला की माझ्या साध्या मीटरला तो नीट दाखवताही येईना. घूं जवळजवळ गेला. पुष्कळांचं काम इथेच संपतं.

आमचं संपलं नाही. चिरचिर तशीच होती. तिचा रस्ता घराच्या वायरिंगमधून नव्हताच, मॉनिटर ते अ‍ॅम्प या केबलमधून आणि एक्स्टेन्शनमधल्या अर्थमधून होता, आणि तो अजून बंद होता. शिवाय ताईला खोलीभर आडवी एक्स्टेन्शन वायर नको होती. "कुणीतरी अडकून पडेल," ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. आयसोलेटरची वेळ आली.

डबीत काय असतं, आणि विकत घेताना काय बघायचं

ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणजे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, डाव्या चॅनेलला एक आणि उजव्याला एक. एका गुंडाळीत सिग्नल येतो, चुंबकीय क्षेत्रातून दुसऱ्या गुंडाळीत उमटतो आणि पुढे जातो. दोन गुंडाळ्यांचे वेढे सारखे असतात, म्हणून आवाज लहान-मोठा होत नाही. तांब्याची जोडणी मात्र मध्ये कुठेच नसते. जाळीतून जाणाऱ्या प्रवाहाला रस्ताच उरत नाही. याला वेगळी वीज लागत नाही, ज्या डबीला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे ती दुसरीच काहीतरी वस्तू आहे.

दुकानात दोन तऱ्हा मिळतात. एक ३.५ मिलिमीटरच्या जॅकची, दुसरी आरसीए पिनांची, जी कार स्टीरिओवाले अल्टरनेटरची शिट्टी घालवायला वापरतात. आत माल तोच. एम. जी. रोडला मोबाइल अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात विचारलं तर पहिला ब्लूटूथवाला रिसीव्हर दाखवतात, त्यामुळे कार ऑडिओच्या दुकानात 'ग्राउंड लूप आयसोलेटर, लाइन लेव्हलचा' असं स्पष्ट मागा. साधी डबी काही शे रुपयांत येते. आपल्या केबलची टोकं बघून घ्या; आम्हाला ३.५ मिलिमीटरची सोयीची होती, कारण मॉनिटरकडून येणारी केबल त्याच जॅकची आणि पुढे अ‍ॅम्पला आरसीएची वीतभर केबल घरात पडून होती.

घरी आणल्यावर जोडण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवा. डबीच्या आत येणाऱ्या बाजूची जाळी आणि बाहेर जाणाऱ्या बाजूची जाळी यांच्यात काहीही वाजता कामा नये, मीटरने उघडं सर्किट दाखवलं पाहिजे. इथे मीटर वाजला तर दोन्ही बाजूंची जाळी आतून जोडलेली आहे, ती डबी परत करा, ती लूप तोडूच शकत नाही. मग एकाच बाजूला टोक आणि जाळी यांच्यात मोजा. तिथे काही दहा ते काहीशे ओहम येतात, ती गुंडाळीची तार. दोन्ही चॅनेल जवळपास सारखे यावेत. एक उघडा आला तर तार तुटलेली आहे आणि एक स्पीकर मुका राहणार.

जोडायचा कुठे

लांब केबल मॉनिटरपासून डबीपर्यंत येऊ द्या आणि डबी ते अ‍ॅम्प केबल शक्य तितकी आखूड, वीतभर ठेवा. ट्रान्सफॉर्मरनंतरची केबल लांब झाली की वरच्या सुरांवर थोडा परिणाम होतो आणि गोंगाट उचलायलाही ती मोकळी राहते. पण डबी अ‍ॅम्पच्या पत्र्यावर ठेवू नका. अ‍ॅम्पच्या आत विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र डबीतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतं आणि मग वेगळाच, मऊसा घूं येतो. तसं झालं तर डबी अर्धा हात लांब करा किंवा उभी-आडवी फिरवून बघा. फिरवल्यावर घूं कमी-जास्त होत असेल तर कारण तेच.

भाच्याने आवाज शून्यावर आणला, केबल अ‍ॅम्पमधून काढली, डबीत घातली, वीतभर केबलने डबी अ‍ॅम्पच्या ऑक्सला जोडली आणि एक्स्टेन्शन काढून सगळं पुन्हा आपापल्या बोर्डावर नेलं. आवाज हळूहळू वाढवला. घूं नाही, चिरचिर नाही. मेनू वर-खाली केला तरी नाही. अ‍ॅम्पचा आवाज तीन चतुर्थांश केल्यावर फक्त मंद सूं राहिला, तो मॉनिटरच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा. त्याचा लूपशी संबंध नाही आणि आयसोलेटर त्याला काही करत नाही.

मग खर्ज दबला

पंधरा मिनिटांनी भाचा म्हणाला, "मामा, स्फोट झाला की आवाज फाटतोय." बरोबर होतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा चिमूटभर असतो. सूर जितका खालचा आणि सिग्नल जितका मोठा तितका तो लवकर भरतो, आणि भरला की खालचे सूर चपटे होतात, फाटतात. गेममधले स्फोट आणि इंजिनाची घरघर नेमकी तीस-चाळीस हर्ट्झच्या आसपास असते. गाण्यात माणसाचा आवाज स्वच्छ आणि ढोल फाटका असं ऐकू आलं तर हेच समजा.

इलाज सोपा आहे. मॉनिटरचा हेडफोनचा आवाज १०० वर होता, तो ६० वर आणला आणि कमी झालेलं अ‍ॅम्पच्या बटणाने भरून काढलं. डबीतून जाणारा सिग्नल लहान झाला, गाभा भरेना, फाटणं थांबलं. एरवी मी उलटं सांगतो, की स्रोताचा आवाज मोठा ठेवा म्हणजे सूं कमी येतो. डबी मध्ये आली की दोन्हींच्या मधली जागा कानाने शोधावी लागते. तरीही खूप खालचा खर्ज थोडा कमी राहतोच. मोठ्या सबवूफरवाल्याला तो खटकेल, आजोबांच्या स्पीकरवर कुणाला कळला नाही. चांगल्या, मोठ्या गाभ्याच्या आयसोलेटरला हा त्रास बराच कमी होतो, पण तो काही पटींनी महाग पडतो.

डबी लावायची ती फक्त अ‍ॅम्पच्या इनपुटच्या आधी. अ‍ॅम्प ते स्पीकर वायरीत ती कधीही लावू नका, तिथला प्रवाह त्या केसाएवढ्या तारांना झेपत नाही आणि अ‍ॅम्पही धोक्यात येतो.

डबी लावूनही घूं राहिला तर

वेढ्याला दुसरा रस्ता उरला आहे का बघा. अ‍ॅम्पला लॅपटॉपची केबल दुसऱ्या इनपुटला लावून ठेवलेली असते, सबवूफरचा वेगळा तीन पिनांचा प्लग असतो, किंवा अ‍ॅम्प आणि सेट-टॉप बॉक्स एकाच लोखंडी रॅकवर पत्र्याला पत्रा टेकून बसलेले असतात. जाळी तोडली तरी पत्रा जोडलेलाच. एक एक करून केबल काढा, ज्या केबलने घूं थांबेल ती दोषी. लॅन केबलवर मात्र सहसा संशय नको, साध्या लॅनच्या जॅकमध्ये आधीच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. फक्त धातूची जाळी असलेली लॅन केबल याला अपवाद.

वेढा केबलवाल्याच्या वायरीतून येत असेल तर त्या गोल वायरीवर बसणारा वेगळा आयसोलेटर मिळतो. डिश असेल तर तो तिथे लावू नका. छतावरच्या डिशला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, ते अडले की चित्रच जातं. डिशवाल्यांनी ऑडिओच्या बाजूचीच डबी वापरावी.

टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर आणखी एक चांगला रस्ता आहे, आणि खर्जाची हौस असेल तर मी तोच सुचवेन. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणजे वेढा आपोआप तुटतो आणि गाभा भरायचाही प्रश्न नाही. टीव्ही ते छोटा डिजिटल-ते-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर ऑप्टिकलने, आणि तिथून अ‍ॅम्पला आरसीए. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट `PCM` वर ठेवा, नाहीतर साधा कन्व्हर्टर गप्प बसतो किंवा खरखरतो. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: कन्व्हर्टरला वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून देतात. त्या यूएसबीच्या वायरीतून टीव्हीची जाळी कन्व्हर्टरला आणि तिथून अ‍ॅम्पला लागते, आणि प्रकाशाने तोडलेला वेढा तांब्याने पुन्हा जोडला जातो. मोबाइलचा जुना दोन पिनांचा चार्जर त्याला द्या.

भाच्याच्या मॉनिटरला ऑप्टिकल नाही, त्यामुळे त्याची डबी आहे तिथेच आहे, अ‍ॅम्पपासून अर्धा हात लांब, टेबलाच्या पायाला रबर बँडने बांधलेली. गेल्या आठवड्यात फोन आला, घूं परत आला म्हणून. काय बदललं विचारलं तर म्हणाला, काहीच नाही, फक्त लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याची ऑडिओ केबल अ‍ॅम्पच्या दुसऱ्या इनपुटला घातली आहे. चार्जर तीन पिनांचा होता.